मुलाखतींसाठी लॅपटॉप: रिफर्बिश्ड घ्यावा की नवा?

प्रश्न: "कॉम्प्युटर सायन्सची पदवी यंदा हातात आली. आता ऑनलाइन चाचण्या आणि व्हिडिओ मुलाखती सुरू होतील. बजेट इतकंच आहे की एकतर सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप येईल, नाहीतर एखाद्या कंपनीत चार-पाच वर्षं वापरलेला रिफर्बिश्ड. घरचे म्हणतात नवाच घे, वॉरंटी असते. मैत्रिणी म्हणतात रिफर्बिश्ड घे. मुलाखत चालू असताना मशीन बंद पडलं तर काय, या भीतीने निर्णय होत नाहीये. काय घेऊ?"

उत्तर:

तुम्ही सांगताय त्या बजेटमध्ये रिफर्बिश्ड घ्या, पण दोन अटींवर. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, आणि पटला नाही तर परत करता येईल अशी किमान सात दिवसांची मुदत बिलावर लिहून मिळायला हवी. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर तो सौदा सोडा आणि दुसरा विक्रेता बघा. कंपन्यांकडून परत आलेले लॅपटॉप तपासून, दुरुस्त करून पुढे देणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे माझा कल तिकडे आहे हे धरूनच पुढचं वाचा.

आधी नव्याबद्दल. लॅपटॉपची किंमत तळाला आणायची तर कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती नेमकी मुलाखतीला लागणाऱ्या जागी लागते. सगळ्यात स्वस्त नव्या मशीनमध्ये बहुधा दोन कोअरचा सेलेरॉन, बोर्डावरच सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि एसएसडीच्या जागी ६४ जीबीची ईएमएमसी चिप असते. नुसतं ब्राउझर उघडून वाचत बसलात तर काही जाणवत नाही. पण मुलाखतीत व्हिडिओ कॉल, स्क्रीन शेअर, ब्राउझरमधला कोड एडिटर हे सगळं एकाच वेळी चालतं, आणि मागे विंडोजचं स्वतःचं काहीतरी चालूच असतं. ४ जीबीतली निम्मी रॅम विंडोजच घेऊन बसतं, मग उरलेलं काम त्या सावकाश ईएमएमसीवर ढकललं जातं. समोरचा म्हणतो, "तुमचा आवाज तुटतोय." तुम्हाला वाटतं इंटरनेटचा दोष. प्रत्यक्षात प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो. असं मशीन बिघडलेलं नसतं, त्यामुळे वॉरंटीत त्यावर काही इलाजही नसतो. आणि रॅम सोल्डर केलेली असल्यामुळे पुढे पगार सुरू झाल्यावर वाढवायची म्हटली तरी वाढत नाही.

कंपन्यांसाठी बनवलेल्या मालिका, म्हणजे थिंकपॅडची टी मालिका, लॅटिट्यूड, एलिटबुक, यांचं गणित वेगळं. त्या तीन-चार वर्षं रोज आठ तास वापरल्या जाणार हे धरूनच बनवलेल्या असतात. बहुतेक मॉडेलांत मागचं कव्हर साध्या स्क्रूंवर उघडतं, बॅटरी आणि एसएसडी बदलता येते, रॅमला स्लॉट असतो, सुटे भागही मिळतात. कंपनीची मुदत संपली की ही मशीन गठ्ठ्याने बाहेर येतात, म्हणून स्वस्त पडतात.

आता आठव्या पिढीचा आग्रह कशासाठी? इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधला आय-५ दोनच कोअरचा असायचा. २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा तोच आय-५ चार कोअरचा झाला. व्हिडिओ कॉल आणि स्क्रीन शेअर एकत्र चालवताना हा फरक लगेच कळतो. दुसरं कारण सॉफ्टवेअरचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. म्हणून "आय-५, ८ जीबी, एसएसडी" एवढीच जाहिरात असेल तर ती अर्धवट माहिती आहे. प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. i5-7200U मध्ये डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, नको. i5-8250U किंवा i5-8350U म्हणजे आठवी, चालेल. i5-10210U म्हणजे दहावी, मिळाला तर उत्तमच. एएमडीचा असेल तर रायझन ३००० मालिकेपासून पुढचा बघा. "पण यावर विंडोज ११ चालू आहे की" हा विक्रेत्याचा पुरावा मानू नका. जुन्या प्रोसेसरवर तपासणी चुकवून ते टाकता येतं, मात्र अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

"ग्रेड ए" या शिक्क्यावरही फार जाऊ नका. तो मुख्यतः ओरखड्यांबद्दल असतो, प्रत्येक विक्रेता आपल्या मनाने लावतो, आणि झाकण चकचकीत असलं म्हणून आतली बॅटरी ताजी ठरत नाही.

खरं काम मशीन हातात आल्यावर सुरू होतं. सात दिवस म्हणजे परीक्षेचे दिवस समजा, आणि परीक्षा मशीनची. अलीकडेच एका उमेदवारासाठी तपासलेला एक लॅटिट्यूड ७४९० उदाहरण म्हणून घेतो: i5-8350U, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, जाहिरातीत "बॅटरी उत्तम".

पहिल्या दिवशी कुलपं बघायची. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जा (डेलला F2 दाबतात). तिथे पासवर्ड मागितला तर मशीन जुन्या मालकाच्या ताब्यातून नीट सुटलेलं नाही. याहून चकवणारं कुलूप दुसरंच असतं. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवून ठेवतात. ती नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरच्या नावाने असते. विक्रेत्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं असेल तर सगळं सुरळीत दिसतं. सहा महिन्यांनी तुम्ही कधीतरी रिसेट करता आणि पडद्यावर कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिथला ऑफिस आयडी मागितला जातो. म्हणून हे पहिल्याच दिवशी स्वतः करून बघा. सेटिंग्जमध्ये System, Recovery, Reset this PC असं जाऊन सगळं पुसा आणि सेटअप सुरू झाला की वाय-फाय नक्की जोडा. कंपनीचं नाव दिसलं तर त्याच दिवशी परत. ही नोंद विंडोज कितीदाही नव्याने टाकलं तरी जात नाही, ती त्या कंपनीनेच काढायची असते.

रिसेट झाल्यावर विंडोजचा परवाना तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
slmgr /dli
```

उघडणाऱ्या चौकटीत OEM_DM असं दिसलं तर परवाना मशीनच्या फर्मवेअरमध्येच आहे, विषय संपला. VOLUME_KMSCLIENT दिसलं तर तो कंपन्यांसाठीचा सामूहिक परवाना आहे. तो १८० दिवसांच्या आत नूतनीकरण मागतो, आणि तुमच्या घरात त्या कंपनीचा सर्व्हर नसतो. बहुधा कुणीतरी जुगाड करून बसवलेलं असतं. विक्रेत्याकडून नीट परवाना घालून घ्या. "लिनक्स टाक, प्रश्नच मिटेल" असं सांगणारे भेटतील. सरावाला लिनक्स उत्तम आहे, पण ऑनलाइन चाचण्यांमधली निगराणीची सॉफ्टवेअर पुष्कळदा विंडोज किंवा मॅकच मागतात. सेफ एक्झाम ब्राउझरच घ्या, लिनक्सवर ते चालत नाही. चाचणीच्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

आता बॅटरी, कारण तुमची भीती तिथेच आहे.

```
powercfg /batteryreport
```

ही कमांड battery-report.html नावाची फाइल बनवते आणि ती कुठे ठेवली ते खाली सांगते. ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे बघायचे. DESIGN CAPACITY म्हणजे नवी असताना किती साठवायची, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज किती साठवते. आपल्या उदाहरणातल्या मशीनचे आकडे होते ६०,००० आणि ४०,८०० मिलीवॉट-तास, म्हणजे ६८ टक्के. व्हिडिओ कॉलमध्ये असं मशीन साधारण १५ ते २० वॉट खातं, त्या हिशेबाने कागदावर दोन तास सहज निघतात. मुलाखत तासाभराची, चार्जर लावलेला, मध्ये वीज गेली तरच बॅटरीची गाठ. मग ६८ टक्के पुरायला हरकत नव्हती.

पण कागदावरचे दोन तास प्रत्यक्षात मिळतात का, हे चार्जर काढून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, व्हिडिओ कॉल लावून ठेवला. १९ टक्क्यांवर स्क्रीन एकदम काळी. ना इशारा, ना काही. थकलेल्या बॅटरीत असं होतं. आतला एखादा सेल इतरांच्या आधी हार मानतो, व्होल्टेज कोसळतं आणि टक्केवारीचा आकडा मात्र तसाच मागे राहतो. दोष ६८ टक्क्यांत नव्हता, १९ वर बंद पडण्यात होता. लॅपटॉप परत न करता फक्त बॅटरी बदलून मागितली, आणि मुदत अजून चालू असल्यामुळे विक्रेत्याने ती बदलून दिली. मुदतीनंतर तोच माणूस "बॅटरी वॉरंटीत येत नाही" म्हणाला असता, आणि बिलाच्या मागे तसं छापलेलंही असतं.

उलटी गोष्टही लक्षात ठेवा. पाच वर्षांच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि CYCLE COUNT शून्य दिसला तर नवी बॅटरी घातलेली असू शकते, किंवा खोटे आकडे सांगणारी हलकी बॅटरी. काही मशीन सायकलचा आकडा मुळात देतच नाहीत, त्यामुळे एकट्या शून्यावरून निकाल लावू नका. निवाडा तोच: चार्जर काढून घड्याळ लावा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा मशीन सपाट टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. ते मशीन चार्जला न लावता परत करा.

यानंतरची परीक्षा उष्णतेची आणि चार्जरची, आणि ती मुलाखतीची रंगीत तालीम करूनच घ्यायची. फोनवरून स्वतःलाच दुसरा सहभागी म्हणून जोडा. लॅपटॉपवर कॅमेरा चालू, पार्श्वभूमी धूसर, स्क्रीन शेअर, ब्राउझरमध्ये एडिटर, आणि बाजूला टास्क मॅनेजरचं Performance पान उघडं. पाऊण तास असंच चालू द्या आणि मधूनमधून CPU खालच्या Speed कडे बघा. i5-8350U चा मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ आहे. कामाच्या ओझ्याखाली तो निदान तेवढा तरी राहायला हवा, सहसा वरच असतो. तो १ च्या खाली उतरून तिथेच बसला तर दोन संशयित. आत धूळ साचून आणि थर्मल पेस्ट वाळून मशीन तापतंय, किंवा चार्जर परका आहे. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे चार्जर उपटायचा. लगेच वेग वर गेला तर बहुधा चार्जरच दोषी. डेलच्या मशीनला चार्जर ओळखता आला नाही की ते मुद्दाम वेग कमी करतं आणि बॅटरीही चार्ज करत नाही. सुरू होताना तसा इशाराही येतो, पण घाईत एंटर दाबून लोक पुढे जातात. चार्जर काढूनही वेग तसाच मरगळलेला राहिला आणि पंखा घोंघावत असेल तर उष्णता. पंखा साफ करून नवी पेस्ट लावणं हे कारागिराला अवघड काम नाही, विक्रेत्याकडून ते करून घ्या आणि तालीम पुन्हा करा.

याच तालमीत आवाज रेकॉर्ड करून ऐका. वायरचा इअरफोन लावून जॅक हलवा, खरखर आली तर जॅक सैल आहे. ब्लूटूथ इअरफोनवर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा पुष्कळदा घसरतो, म्हणून मुलाखतीला साधा वायरचाच बरा. कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा नको. त्या काळातल्या बहुतेक मशीनला ७२०पी कॅमेरा आहे, आणि स्वस्त नव्यालाही बहुधा तोच. उजेड चेहऱ्यासमोरून आला की काम भागतं.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. Health ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बदलून मागा. स्क्रीनवर पांढरं पान पूर्ण उघडून डाग आणि रेषा बघा, नोटपॅडमध्ये कीबोर्डची एकेक कळ दाबा. स्क्रीन १९२०×१०८० चीच घ्या. १३६६×७६८ वर एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला कोड ठेवला की दोन्ही अर्धेच दिसतात.

रॅमचं ८ जीबीवर भागतं. टास्क मॅनेजरच्या Memory पानावर Slots used: 1 of 2 असं असेल तर दुसरा स्लॉट मोकळा आहे, पुढे सवडीने आणखी ८ जीबी टाकता येईल. काही पातळ मॉडेलांत रॅमचा काही भाग सोल्डर केलेला असतो, त्यामुळे मॉडेलचं नाव घालून आधीच शोधून बघा. हातात थोडे जास्तीचे पैसे असतील तर आधी बॅटरीवर घाला, रॅम नंतर.

घरच्यांचा वॉरंटीचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त ती कशाची हमी देते ते बघायला हवं. नव्याची एक वर्षाची वॉरंटी दुरुस्तीचा खर्च वाचवते. पण मशीन सेवा केंद्रात गेलं की दिवस जातात आणि मुलाखत परवावर असते. ती वेळ निभावून न्यायची तर वॉरंटी नव्याची असो की जुन्याची, उपयोगी पडत नाही.

नवा कधी घ्याल? बजेट थोडं ताणून किमान चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची खरी एसएसडी आणि १९२०×१०८० ची स्क्रीन असा नवा येत असेल तर बेलाशक घ्या, मी वाद घालणार नाही. इंटेलच्या एन१०० चिपचे स्वस्त लॅपटॉप याच्या जवळपास येतात. चार कोअर आहेत, मुलाखत निभते. फक्त सोबत ईएमएमसी नाही ना आणि रॅम ८ जीबी आहे ना, एवढं बघा. आसपास परत घेणारा, तोंडावर बोलता येईल असा रिफर्बिश्ड विक्रेता मुळात नसेल, तर असा एन१०० वाला नवा हाच माझा दुसरा पर्याय. दोन कोअर आणि ४ जीबीचा मात्र कितीही नवा असला तरी नको.

खरेदी पहिल्या मुलाखतीच्या तीन आठवडे आधी करा. एक आठवडा तपासणीला जातो, काही बदलून घ्यायचं निघालं तर दुसरा, आणि तिसऱ्यात त्या कीबोर्डवर बोटं बसतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी विंडोज अपडेट चालवून, मशीन रिस्टार्ट करून, मग सेटिंग्जमध्ये अपडेट एक आठवडा थांबवून ठेवा (Pause updates). आणि फोनवर तेच मीटिंग अॅप लॉगिन करून, मुलाखतीची लिंक आधीच उघडून, फोन चार्ज करून शेजारी ठेवा. लॅपटॉप गेला तर मिनिटाभरात फोनवरून परत जोडता येतं, आणि "मशीन बंद पडलं, फोनवरून बोलतेय" एवढं सांगितलं की बहुतेक मुलाखतकार पुढे चालू ठेवतात.